भेटी एका पानावर, ऑर्डरी दुसऱ्या: सेल्स मॅनेजरचा डॅशबोर्ड गुगल शीटमध्ये कसा बांधावा

बेळगावात उद्यमबागेपासून निपाणीपर्यंत जेवढे डॅशबोर्ड मी बघितलेत, त्यातल्या बहुतेकांत एकाच ओळीत भेटी, फोन, कोटेशन, ऑर्डर आणि रक्कम असं सगळं मांडलेलं असतं. शेवटी एक बेरीज आणि त्यावरून एक 'स्कोअर'. मग महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये ज्याच्या भेटी जास्त तो हुशार ठरतो आणि ऑर्डरी कुणाच्या आल्या यावर वाद होतो. ही मांडणी दुरुस्त कशी करायची ते खाली क्रमाने दिलं आहे. क्रम सोडू नका. लोक पहिल्या दोन पायऱ्या टाळून थेट चार्ट काढायला बसतात आणि तिथेच फसतात.

उदाहरण एअर कॉम्प्रेसर विकणाऱ्या एका डीलरचं घेतो. तीन लाइन आहेत: उद्यमबाग, खानापूर आणि निपाणी-चिकोडी. माल दोन प्रकारचा. वर्कशॉप, गॅरेज, पावडर कोटिंगवाले घेतात ते पिस्टन कॉम्प्रेसर, साधारण पन्नास-साठ हजारांचे. मोठे कारखाने घेतात ते स्क्रू कॉम्प्रेसर, चार-पाच लाखांचे. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी बसवलेले आहेत, पण गोंधळ अस्सल आहे.

## १. आधी कागदावर: कोणता आकडा कुठल्या पानावर

संगणक उघडायच्या आधी एक कोरा कागद घ्या आणि तुम्ही मोजता ते सगळे आकडे लिहून काढा. मग प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: सेल्समनने मनात आणलं, तर गिऱ्हाइकाच्या होकाराशिवाय हा आकडा उद्या संध्याकाळपर्यंत दुप्पट होईल का?

होत असेल तर ती हालचाल. भेटी, फोन, डेमो आणि (इथे लोक अडखळतात) कोटेशनसुद्धा. कोटेशन म्हणजे आपण पाठवलेला कागद. गिऱ्हाइकाने अजून काहीही दिलेलं नसतं. "पंधरा कोटेशन दिलंय की ह्या आठवड्यात" हे ऐकायला कितीही गोड वाटलं तरी ते हालचालीच्या पानावरच जाणार.

गिऱ्हाइकाने होय म्हटल्याशिवाय जो आकडा हलत नाही तो निकाल. ऑर्डर, ऑर्डरची रक्कम, आणि कोटेशनपैकी किती ऑर्डरीत उतरली ते प्रमाण.

त्याच कागदावर 'ऑर्डर' कशाला म्हणायचं तेही लिहा. या डीलरकडे तीन जणांच्या तीन व्याख्या होत्या. एकाला तोंडी होकार पुरे, दुसऱ्याला पीओ लागे, तिसरा ॲडव्हान्स जमा झाल्यावरच मोजे. शेवटी 'पीओ हातात किंवा ॲडव्हान्स खात्यात' असं ठरलं. "घेतो म्हणालाय" ही ऑर्डर नव्हे.

तपासा: कागद तिन्ही सेल्समनना दाखवा आणि मागच्या महिन्यातल्या पाच व्यवहारांचं वर्गीकरण त्यांना वेगवेगळं करायला सांगा. उत्तरं जुळली नाहीत तर पुढे जाऊ नका.

## २. कच्ची नोंद: दोन शीट, एका कोटेशनला एकच ओळ

पहिल्या शीटचं नाव 'भेटी'. त्यात तारीख, लाइन, गिऱ्हाईक, नवं की जुनं, आणि पुढे काय ठरलं एवढे रकाने पुरेत.

दुसरी शीट 'कोटेशन'. निकालाचं सगळं पान हिच्यावर उभं राहणार असल्यामुळे रकाने याच क्रमाने ठेवा:

- A कोटेशन नंबर
- B पहिल्या कोटेशनची तारीख
- C लाइन
- D तालुका
- E प्रकार (पिस्टन / स्क्रू)
- F कोटेशनची रक्कम
- G निकाल (चालू / मिळाली / गेली)
- H निकालाची तारीख
- I ऑर्डरची रक्कम
- J कारण

सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. गिऱ्हाईक घासाघीस करतं, आपण सुधारित कोटेशन पाठवतो आणि कुणीतरी त्याची नवी ओळ टाकतो. एका व्यवहाराच्या तीन ओळी झाल्या की छेद तिप्पट होतो, आणि घासाघीस करून ऑर्डर आणणारा माणूसच कागदावर कच्चा दिसतो. सुधारित कोटेशन त्याच ओळीत, तारीख मात्र पहिलीच. एकाच गिऱ्हाइकाला वेगळी मशीन हवी असेल तरच नवी ओळ.

दुसरी अडचण खास आपल्या भागातली. २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं, बोलताना आपण बेळगाव म्हणतो, आणि शीटमध्ये दोन्ही येतात, शिवाय कुणीतरी 'बेळगांव'ही लिहितं. निपाणी आणि निप्पाणी, चिकोडी आणि चिक्कोडी यांचंही तेच. माणसाला ते एक गाव वाटतं, शीटला ती वेगवेगळी गावं. C, D, E आणि G या चार रकान्यांना ड्रॉपडाउन लावा आणि हाताने टाइप करणं बंद करा. कुठलं स्पेलिंग ठेवायचं यावर भांडत बसू नका, एक ठरवा आणि पुढे चला.

तिसरी गोष्ट जीएसटी. F आणि I मध्ये रक्कम नेहमी करापूर्वीची. बेळगावात माल दिला तर बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी येतो, राज्याची हद्द ओलांडून कागलच्या एमआयडीसीत दिला तर आयजीएसटी. कर दोन्हीकडे मिळून १८ टक्केच. पण निपाणी लाइनचा माणूस बिलावरची शेवटची रक्कम उतरवून ५० हजारांच्या मशीनचे ५९ हजार लिहायचा आणि खानापूरचा माणूस ५० हजारच. वर्षभर सगळे समजत होते की निपाणीकडे मोठे व्यवहार होतात.

तपासा: एखाद्या रिकाम्या जागी हे सूत्र टाका. उत्तर शून्य आलं पाहिजे. शून्य नसेल तर कुठला तरी नंबर दोनदा आहे.

```
=COUNTA('कोटेशन'!A2:A)-COUNTUNIQUE('कोटेशन'!A2:A)
```

## ३. मुदत ठरवा: कोटेशन पिकायला किती दिवस लागतात

ही पायरी बहुतेक जण करतच नाहीत. ती का लागते ते आधी बघू, कारण हे पटलं नाही तर पुढची सूत्रं उगाच अवघड वाटतील.

रूढ पद्धत अशी: या महिन्यातल्या ऑर्डरी भागिले या महिन्यातली कोटेशन. पण आज आलेली ऑर्डर बहुधा मागच्या किंवा त्याच्याही मागच्या महिन्यातल्या कोटेशनची असते. वरचा आकडा एका घाण्याचा, खालचा दुसऱ्या.

या डीलरची पिस्टनची कोटेशन बघा. जानेवारीत ३०, फेब्रुवारीत ३३, मार्चमध्ये ६२. आर्थिक वर्ष संपत आलं की चौकश्या वाढतात, तशा वाढल्या. मार्च महिन्यात ऑर्डरी आल्या ८. आठ भागिले बासष्ट, १३ टक्के. मालकांनी मीटिंगमध्ये सगळ्यांना धारेवर धरलं. मे महिन्यात कोटेशन गेली फक्त २० आणि ऑर्डरी आल्या ११, म्हणजे ५५ टक्के. सगळ्यांची पाठ थोपटली गेली. प्रत्यक्षात मेच्या ऑर्डरींतल्या बऱ्याचशा मार्चच्या कोटेशनच्या होत्या.

आता महिन्याच्या कोटेशनचा एक घाणा धरा आणि त्याच घाण्यातून पुढच्या ६० दिवसांत किती ऑर्डरी निघाल्या ते मोजा:

| कोटेशनचा महिना | कोटेशन | ६० दिवसांत ऑर्डर | प्रमाण |
|---|---|---|---|
| जानेवारी | ३० | ७ | २३% |
| फेब्रुवारी | ३३ | ७ | २१% |
| मार्च | ६२ | १३ | २१% |

मार्चमध्ये काही बिघडलं नव्हतं आणि मेमध्ये काही सुधारलं नव्हतं.

साठ दिवस कुठून आले? तुमच्याच जुन्या ऑर्डरींतून. दहापैकी नऊ ऑर्डरी किती दिवसांच्या आत आल्या ते हे सूत्र सांगतं:

```
=ARRAYFORMULA(PERCENTILE(FILTER('कोटेशन'!H2:H-'कोटेशन'!B2:B,
 'कोटेशन'!E2:E="पिस्टन",'कोटेशन'!G2:G="मिळाली",
 'कोटेशन'!B2:B<TODAY()-180),0.9))
```

शेवटची अट मुद्दाम आहे. गेल्या महिन्यातल्या कोटेशनना अजून झटपट ऑर्डरी मिळण्याएवढाच वेळ झालेला असतो. त्या धरल्या तर मुदत खोटी लहान दिसते. म्हणून सहा महिन्यांहून जुनी कोटेशनच घ्यायची.

पिस्टनसाठी उत्तर ५७ आलं, आम्ही ६० धरलं. स्क्रूसाठी ११२ आलं, १२० धरलं. चार-पाच लाखांच्या मशीनला बँक, भागीदार, वीजजोडणी सगळं बघावं लागतं, त्यामुळे वेळ जातो. दोन्ही प्रकारांना एकच मुदत लावू नका.

## ४. निकालाचं पान बांधा

'कोटेशन' शीटच्या K रकान्यात, दुसऱ्या ओळीत हे टाका आणि खाली ओढा. कोटेशन मुदतीत ऑर्डरीत उतरलं तर १, नाहीतर ०.

```
=IF(B2="","",IF(AND(G2="मिळाली",H2<>"",
 H2-B2<=IF(E2="स्क्रू",120,60)),1,0))
```

आता 'निकाल' नावाची नवी शीट. B1 मध्ये कालावधीची पहिली तारीख, B2 मध्ये पुढच्या कालावधीची पहिली तारीख, B3 मध्ये प्रकार. A5 पासून खाली लाइनची नावं. B5 मध्ये कोटेशन मोजा:

```
=COUNTIFS('कोटेशन'!$C:$C,$A5,'कोटेशन'!$E:$E,$B$3,
 'कोटेशन'!$B:$B,">="&$B$1,'कोटेशन'!$B:$B,"<"&$B$2)
```

C5 मध्ये त्याच अटींवर K ची बेरीज:

```
=SUMIFS('कोटेशन'!$K:$K,'कोटेशन'!$C:$C,$A5,'कोटेशन'!$E:$E,$B$3,
 'कोटेशन'!$B:$B,">="&$B$1,'कोटेशन'!$B:$B,"<"&$B$2)
```

आणि D5 मध्ये प्रमाण:

```
=IF($B$2-1+IF($B$3="स्क्रू",120,60)>=TODAY(),"अजून पिकलं नाही",
 IF(B5<20,B5&" पैकी "&C5,C5/B5))
```

D5 मध्ये दोन कुलपं आहेत. घाण्यातल्या शेवटच्या कोटेशनची मुदत संपल्याशिवाय टक्का दिसतच नाही. तो दिसला की कुणीतरी चालू महिन्याचा आकडा बघून ओरडणारच, म्हणून झाकून ठेवायचा. आणि वीसपेक्षा कमी कोटेशन असतील तर टक्क्याऐवजी साधी संख्या दिसते. पाचपैकी दोन ऑर्डरी म्हणजे ४० टक्के, एक हुकली की २०. असल्या आकड्यावर कुणाची बढती ठरवू नये. वीस हा माझा अंदाजाने घेतलेला उंबरठा, तुम्ही तीस ठेवलात तर आणखी चांगलं.

सावध: छेदात फक्त निकाल लागलेली कोटेशन घेऊ नका. उद्यमबाग लाइनवर ५६ कोटेशनपैकी ७ मिळाली, ९ 'गेली' म्हणून नोंदली होती आणि ४० 'चालू'. आधीच्या डॅशबोर्डात ७ भागिले १६, म्हणजे ४४ टक्के दिसत होतं. ऑर्डर गेली असं लिहायला कुणाचा हात धजत नाही. चार महिन्यांपूर्वीच्या कोटेशनबद्दल विचारलं तरी "आहे की अजून, उद्या सांगतो म्हणालाय" असंच उत्तर येतं. वरच्या सूत्रांत 'चालू' पण मुदत उलटलेलं कोटेशन छेदात राहतं, त्यामुळे खरा आकडा साडेबारा टक्के निघाला.

### व्यवहाराचा आकार

इथे सरासरी काढू नका. उद्यमबागेच्या तिमाहीतल्या नऊ ऑर्डरी अशा होत्या. पिस्टन सात: ४२, ४८, ५२, ५५, ५८, ६२ आणि ६८ हजार. स्क्रू दोन: ४ लाख ८० हजार आणि ५ लाख २० हजार. सरासरी येते १ लाख ५४ हजारांच्या आसपास, आणि त्या किमतीच्या जवळपासची एकही ऑर्डर त्या यादीत नाही. मोठी स्क्रूची ऑर्डर आठवडाभर लांबून पुढच्या तिमाहीत गेली असती तर सरासरी १ लाख ८ हजारांवर उतरली असती आणि 'व्यवहाराचा आकार तीस टक्क्यांनी घसरला' असा मथळा झाला असता.

प्रकार वेगळे करा आणि मध्यक घ्या, म्हणजे रकमा चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येते ती. पिस्टनचा मध्यक ५५ हजार, आणि स्क्रूची ऑर्डर इकडे आली काय, तिकडे गेली काय, तो हलत नाही. E5 मध्ये हे टाका:

```
=IFERROR(MEDIAN(FILTER('कोटेशन'!$I$2:$I,'कोटेशन'!$C$2:$C=$A5,
 'कोटेशन'!$E$2:$E=$B$3,'कोटेशन'!$K$2:$K=1,
 'कोटेशन'!$B$2:$B>=$B$1,'कोटेशन'!$B$2:$B<$B$2)),"-")
```

रक्कम I मधून, म्हणजे ऑर्डरची. F मधली कोटेशनची रक्कम घेतली तर दिलेली सवलत लपून जाते. स्क्रूच्या दोन ऑर्डरींचा मध्यक काढण्यात अर्थ नाही, त्या दोन रकमा तशाच लिहा.

## ५. हालचालीचं पान बांधा

हे पान लहान ठेवा. लाइनवार भेटी, त्यातल्या वेगवेगळ्या गिऱ्हाइकांची संख्या, नवी गिऱ्हाइकं आणि दिलेली कोटेशन. भेटींना कामाच्या दिवसांनी भागा. गणपतीचे दिवस, पावसाळ्यात जांबोटीकडचा रस्ता, हे सगळं धरून प्रत्येक लाइनचे कामाचे दिवस वेगळे असतात. नुसती महिन्याची बेरीज लावली तर जुलैत खानापूर लाइन आपोआप आळशी ठरते.

या पानावर लाल-हिरवे रंग नकोत आणि बक्षीसही नको. पूर्वी भेटींवर भत्ता होता तेव्हा एका मुसळधार पावसाच्या दिवशी खानापूर लाइनवर नऊ भेटी नोंदल्या गेल्या होत्या. त्यातल्या सहा एकाच चहाच्या टपरीवर बसून लिहिल्या हे नंतर त्याच मुलाने मला हसत सांगितलं. त्याचा तरी काय दोष, पैसे भेटींचे होते.

तपासा: 'निकाल' शीटमधलं एकही सूत्र 'भेटी' शीटला हात लावत नाही ना? लावत असेल तर कुणीतरी पुन्हा स्कोअर बनवायला बसलंय.

## ६. दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचायचा क्रम

आधी निकालाचं पान उघडा. त्यात काही खटकलं तरच हालचालीच्या पानाकडे जा. जानेवारी ते मार्चचं पिस्टनचं चित्र असं होतं:

| लाइन | भेटी | कोटेशन | ऑर्डर | प्रमाण |
|---|---|---|---|---|
| उद्यमबाग | १८० | ५६ | ७ | १२.५% |
| खानापूर | ८४ | २५ | ८ | ३२% |
| निपाणी-चिकोडी | १३२ | ४४ | १२ | २७% |

(हा तक्ता मी इथे समजावण्यापुरता एकत्र केलाय. शीटमध्ये भेटींचा रकाना दुसऱ्या पानावर असतो.)

जुन्या पद्धतीत उद्यमबाग पहिला नंबर. नव्या पानावर तो तळाला. म्हणून लगेच त्या सेल्समनवर खापर फोडायचं नाही. उद्यमबागेत वर्कशॉप एकमेकांना खेटून आहेत, पायी फिरूनही दिवसाला बऱ्याच भेटी होतात. खानापूर तालुक्यात दोन गिऱ्हाइकांमध्ये मैलोन्‌मैल जातात, तिथे माणूस खरी गरज असल्याशिवाय गाडी काढत नाही. लाइनची तुलना दुसऱ्या लाइनशी करण्याऐवजी तिच्याच मागच्या तिमाहीशी करा.

मग J रकाना वाचा. उद्यमबागेच्या न मिळालेल्या ४९ कोटेशनच्या नोंदी एकेक करून विचारल्यावर कळलं की बरीचशी कोटेशन कारखान्यांच्या खरेदी विभागांनी 'तीन कोटेशन लागतात' म्हणून मागवलेली होती. मशीन कुठली घ्यायची ते आधीच ठरलेलं, आपलं कोटेशन फाइल भरायला. सेल्समनला कोटेशनच्या संख्येवर शाबासकी मिळत होती, त्यामुळे तो मागेल त्याला देत होता.

उपाय साधा होता. कोटेशन देण्याआधी दोन प्रश्न: सध्या हवा कुठून घेता, आणि सही कोण करणार? दोन्हींचं उत्तर मिळालं नाही तर कोटेशन न देता भेटीची नोंद करायची. यामुळे पुढच्या तिमाहीत कोटेशन कमी होणार आणि प्रमाण आपोआप वाढणार, हे आधीच लक्षात ठेवा. छेद लहान झाल्याने टक्का चढला की खरोखर ऑर्डरी वाढल्या, हे बघायला ऑर्डरींची संख्या टक्क्याच्या शेजारीच हवी. ७ च्या ७ च राहिल्या आणि टक्का दुप्पट झाला, तर वाचला तो फक्त सेल्समनचा वेळ. तोही कमी नाही, पण त्याला विक्री वाढली म्हणू नये.

## ७. सुरू करण्याआधी एक घाणा हाताने

मागच्या वर्षातला एक पिकलेला महिना निवडा. जुन्या फायलीतून त्या महिन्याची कोटेशन काढा, प्रत्येकाची ऑर्डर आली का ते बिलबुकात शोधा, आणि उत्तर वहीत लिहा. मग तीच नोंद शीटमध्ये भरून D5 बघा. फरक पडला तर दोन जागा आधी तपासा: तारीख मजकूर म्हणून तर गेली नाही ना (अशी तारीख बहुधा रकान्यात डावीकडे चिकटलेली दिसते), आणि सुधारित कोटेशनची वेगळी ओळ तर झाली नाही ना.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला 'निकाल' पानाची प्रत काढून ती सूत्रांशिवाय, फक्त मूल्यं म्हणून चिकटवा आणि महिन्याचं नाव द्या. G रकाना लोक मागे जाऊन बदलतात. जानेवारीचा २३ टक्के जूनमध्ये २७ दिसायला लागला, तर जुनी प्रत शेजारी ठेवून कुठल्या ओळीची तारीख मागे सरकली ते शोधता येतं.